प्रस्तावना: एका वासुदेवाच्या पाच ॲक्शन

ब्लेंडरमध्ये पात्राला चालवायला शिकलेला माणूस पुढच्याच आठवड्यात एका ठरावीक जागी येऊन अडकतो. चाल जमलेली असते. चोवीस फ्रेमचं आवर्तन नीट फिरत असतं. मग दिग्दर्शक किंवा त्याचं स्वतःचंच मन म्हणतं, आता चालता चालता त्याने हात हलवावा. हा माणूस चालीच्या त्याच ॲक्शनमध्ये शिरतो, आवर्तनाच्या आठ प्रती पुढे पुढे चिकटवतो आणि तिसऱ्या प्रतीपासून हाताच्या की बदलायला घेतो. हात हलतो. पण दुसऱ्या दिवशी चालीतला गुडघा थोडा कमी वाकवायचा ठरतो, आणि तो बदल आठ ठिकाणी करावा लागतो. हाताचं वळण दहा फ्रेम अलीकडे घ्यायचं तर खालच्या पायाच्या की सांभाळत एकेक निवडावी लागते.

ही पुस्तिका त्या जागेपासून सुरू होते. कीफ्रेम म्हणजे काय, आलेख कसा वाचायचा, रिग कसा बसवायचा, हे वाचकाला येतं असं मी धरून चालतो. इथे विषय एकच आहे: वेगवेगळ्या ॲक्शन एकाच पात्रावर थराथराने रचणं, त्या पुन्हा वापरणं आणि एकमेकींत मिसळणं. ब्लेंडरमध्ये हे काम ज्या खिडकीत होतं तिचं नाव Nonlinear Animation. बोलताना सगळे तिला एनएलए म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

एनएलएची बटणं अर्ध्या तासात पाठ होतात. तरी ते वापरायला घेतलेले बरेच जण पंधरा दिवसांत सोडून देतात, कारण पात्र त्यांच्या अंदाजाप्रमाणे वागत नाही. माझ्या मते गडबड बटणांत नसते, ॲक्शन या वस्तूबद्दलच्या समजुतीत असते. आपण ॲक्शनला हालचाल समजतो: ही चाल, ही उडी, हा नमस्कार. ब्लेंडरच्या लेखी ॲक्शन म्हणजे चॅनेलांची यादी असते. प्रत्येक चॅनेलला पत्ता असतो आणि त्या पत्त्यावरच्या आकड्याने कुठल्या फ्रेमला किती व्हायचं ते सांगणारा एक वक्र असतो. पत्ता असा दिसतो:

```
pose.bones["upper_arm_fk.R"].rotation_quaternion
```

म्हणजे उजव्या दंडाच्या नियंत्रक बोनचं फिरणं. असा पत्ता यादीत असेल तर ॲक्शन त्या बोनबद्दल काहीतरी सांगते. नसेल तर ती गप्प असते, आणि गप्प राहणं म्हणजे ‘हलू नकोस’ असं सांगणं नव्हे. एनएलए हे थर खालून वर वाचतं. खालच्या थराने जे सांगितलं ते, वरचा थर त्याच पत्त्याबद्दल काही वेगळं सांगेपर्यंत, टिकतं. हाताने रंगवलेल्या ॲनिमेशनच्या काळात पारदर्शक सेल एकावर एक ठेवत, तसंच हे आहे: वरच्या सेलवर जिथे रंग नाही तिथून खालचं चित्र दिसतं. त्यामुळे थरांच्या कामात कशाला की दिली याइतकंच कशाला दिली नाही हे महत्त्वाचं ठरतं. पुस्तिकेतली बहुतेक प्रकरणं शेवटी याच एका गोष्टीकडे येतात.

उदाहरण म्हणून मी एक वासुदेव घेतला आहे. डोक्यावर मोरपिसांची टोपी, अंगात घोळदार अंगरखा, उजव्या हातात चिपळ्या. तो पहाटे गल्लीतून चालत येतो, वाटेत चिपळ्या वाजवतो, एका दारापाशी थांबतो आणि उभ्या उभ्या पुन्हा वाजवतो. मुद्दाम हा विषय घेतला, कारण त्याच्या अंगात एकाच वेळी दोन-तीन लयी चालू असतात आणि त्यातली एक अधूनमधून बंद पडते. एनएलएला यापेक्षा सोयीचं पात्र शोधूनही सापडणार नाही. रिग रिगिफायचा नेहमीचा मानवी आहे, त्यामुळे बोनांची नावं वाचकाच्या पडद्यावरही हीच दिसतील. वेग सेकंदाला 24 फ्रेम.

पहिली ॲक्शन चालीची. एका जागी चालणं, ट्रेडमिलवर चालावं तसं. पहिल्या फ्रेमवर उजवी टाच पुढे टेकलेली, तेराव्यावर डावी, आणि पंचविसाव्यावर पुन्हा हुबेहूब पहिलीच पोझ. चोवीस फ्रेमच्या आवर्तनात पंचविसाव्या फ्रेमवर की कशाला, असं अनेकांना वाटतं. ती हवीच. 1 ते 25 या स्ट्रिपची लांबी 24 भरते. आवर्तन पुन्हा सुरू होतं तेव्हा पंचविसावी फ्रेम हीच पुढच्या फेरीची पहिली असते आणि पोझ दोनदा दिसत नाही. दोन्ही टोकांच्या वक्रांचा उतारही जुळावा लागतो. टोकांवरचे हँडल आडवे राहिले तर पात्र दर सेकंदाला निमिषभर थबकतं. आलेखात न पाहताही हा दोष डोळ्याला जाणवतो, फक्त तो नेमका कुठे आहे ते सांगता येत नाही.

चाल पक्की झाली की ॲक्शन एडिटरमधलं Push Down दाबायचं. ॲक्शन आता स्ट्रिप होऊन एका ट्रॅकवर बसते आणि पात्राच्या हातात चालू ॲक्शन कुठलीच उरत नाही. N दाबून येणाऱ्या पट्टीत Repeat 8 केलं की स्ट्रिप 1 पासून 193 पर्यंत पसरते. गुडघ्याचा बदल आता एकाच ठिकाणी करायचा: स्ट्रिप निवडून Tab, दुरुस्ती, पुन्हा Tab. आठही फेऱ्या सुधारतात.

वासुदेव मात्र अजून जागच्या जागीच चालतो आहे. त्याला पुढे नेण्यासाठी `root` या एकाच बोनला की देणारी वेगळी ॲक्शन करायची आणि ती सर्वांत खालच्या ट्रॅकवर ठेवायची. इथे थोडं गणित येतं आणि ते टाळता येत नाही. चालीच्या एका आवर्तनात, म्हणजे दोन पावलांत, समजा तो 1.2 मीटर पुढे जायला हवा. 24 फ्रेममध्ये 1.2 मीटर म्हणजे फ्रेमला 5 सेंटिमीटर. म्हणून जागच्या जागीच्या चालीत जमिनीला टेकलेलं पाऊल दर फ्रेमला 5 सेंटिमीटर मागे सरकलं पाहिजे, आणि ते सरळ रेषेत, सुरुवातीला हळू मग जलद असं नाही. `root` तेवढाच पुढे सरकतो, दोन्ही एकमेकांना काटतात आणि पाऊल जमिनीवर स्थिर दिसतं. आठ आवर्तनांना 9.6 मीटर, म्हणून `root`ला पहिल्या फ्रेमवर शून्य आणि 193व्या फ्रेमवर 9.6, मधला वक्र Linear. चालणाऱ्या माणसाच्या पायाखाली बर्फ असल्यासारखं वाटत असेल तर दहापैकी नऊ वेळा या दोन आकड्यांतला एक चुकलेला असतो.

एनएलएत स्ट्रिपचा वेग बदलणं सोपं आहे. Playback Scale 1.25 केलं की 24 फ्रेमचं आवर्तन 30 फ्रेमचं होतं आणि वासुदेव जरा म्हातारा वाटू लागतो. पण मग पाऊल फ्रेमला 5 ऐवजी 4 सेंटिमीटरच मागे जातं, आणि `root`ची स्ट्रिप तशीच राहिली तर पाय लगेच घसरू लागतात. म्हणून मी चाल आणि `root` या दोन स्ट्रिपना नेहमी एकत्रच हात लावतो. पुस्तिकेत `root` शॉटगणिक नव्याने करायला सांगितलं आहे त्याचंही कारण हेच. चाल कुठल्याही शॉटमध्ये चालते, वाट त्या त्या शॉटची असते.

आता चिपळ्या. बारा फ्रेमचं छोटं आवर्तन, 1 ते 13, पहिल्या फ्रेमवर टाळी. की फक्त चार ठिकाणी: `upper_arm_fk.R`, `forearm_fk.R`, `hand_fk.R` आणि बोटं. चालीच्या वरच्या ट्रॅकवर ही स्ट्रिप 49व्या फ्रेमपासून लावायची आणि Repeat 9 द्यायचं, म्हणजे ती 157ला संपते. 49 हा आकडा सहज घेतलेला नाही. चालीत 1, 13, 25, 37, 49 या फ्रेमवर टाच टेकते, त्यामुळे दर टाळी पावलावर पडते. स्ट्रिप दोन फ्रेम पुढे सरकवून पाहा: टाळी पावलाच्या जराशी मागून येते आणि तोच वासुदेव दमलेला दिसू लागतो. एका ॲक्शनमध्ये कोंबलेल्या कामात असे प्रयोग करायचा धीर होत नाही. इथे माऊसने स्ट्रिप ओढली की झालं.

याच टप्प्यावर सर्वांत जास्त लोक हात टेकतात. चिपळ्यांची पोझ घेताना कीइंग सेट Whole Character वर असतो, किंवा A दाबून सगळे बोन निवडलेले असतात, आणि I दाबताच साऱ्या शरीराला की बसते. डोळ्यांना तेव्हा काही जाणवत नाही, कारण हातच हलवलेला असतो. पण यादीत आता पायांचे, कमरेचे, डोक्याचे सगळे पत्ते आलेले असतात. ही स्ट्रिप Replace पद्धतीने चालीवर बसली की पाय जागच्या जागी गोठतात, `root`लाही की बसलेली असल्याने तोही पुढे जात नाही, आणि वासुदेव गल्लीत पुतळ्यासारखा उभा राहतो. वरची ॲक्शन खालचीला खाते, एनएलए असंच वागतं, असा निष्कर्ष काढून माणूस ते बंद करतो. वस्तुतः वरच्या ॲक्शनने पायांबद्दल बोलायलाच नको होतं. उपाय एका मिनिटाचा आहे. स्ट्रिपवर Tab दाबून ॲक्शन उघडायची, फक्त निवडलेल्या बोनांचे चॅनेल दाखवण्याचं बटण वरच्या पट्टीत दाबलेलं असेल तर ते सोडवायचं, सगळी यादी समोर येऊ द्यायची आणि हाताखेरीज बाकीचे चॅनेल X दाबून पुसायचे. एखाद्या स्ट्रिपला ‘एवढ्याच बोनांवर काम कर’ असं सांगणारा मुखवटा एनएलएत नाही. चॅनेलांची यादी हाच मुखवटा.

त्याच्या खालोखाल Extrapolation. नव्या ट्रॅकवर लावलेली पहिली स्ट्रिप सहसा Hold घेऊन येते. म्हणजे स्ट्रिप सुरू होण्याआधी तिची पहिली पोझ आणि संपल्यानंतर शेवटची पोझ धरून ठेवली जाते. सर्वांत खालच्या थराला हे ठीक आहे. चिपळ्यांच्या थराला मिसळण न देता ते तसंच राहू दिलं तर वासुदेव पहिल्या फ्रेमपासून हात वर धरून चालतो आणि 157 नंतरही तो खाली घेत नाही. ते Nothing करायचं, Blend In आणि Blend Out दोन्ही 12 द्यायचे, की झोक्यात असलेला हात अर्ध्या सेकंदात अलगद वर येतो आणि तसाच चालीत परततो. कंबरेवरच्या हालचालींना ही मिसळण छान लागू पडते. हवेतल्या हाताला कुठेही टेकायचं नसतं, त्यामुळे दोन पोझांमधली सरासरी पोझही खरी वाटते.

रिगिफाय वापरणाऱ्यांना एक सूचना. `upper_arm_parent.R` या बोनवर `IK_FK` नावाचा गुणधर्म असतो, 0 म्हणजे आयके आणि 1 म्हणजे एफके. तोही एक चॅनेलच आहे. चालीत हात एफकेवर आणि चिपळ्यांत आयकेवर असेल, आणि या गुणधर्माला दोन्हींपैकी कुठेच की नसेल, तर एका स्ट्रिपमध्ये हात ढिम्म हलत नाही. मी हाताच्या सगळ्या ॲक्शन एफकेतच करतो आणि हा प्रश्न उद्भवूच देत नाही.

चौथा थर श्वासाचा. छाती 80 फ्रेममध्ये एकदा फुगते आणि ओसरते: `chest`ला 1, 41 आणि 81 या फ्रेमवर की, मधल्या कीला तीन अंशांचा कल. आवर्तन 24च्या पटीत नसल्यामुळे श्वास दर वेळी वेगळ्या पावलाशी जुळतो आणि चाल यंत्रासारखी वाटेनाशी होते. पण चालीतही छाती हलते. इथे Replace लावलं तर चालीतला छातीचा पीळ नाहीसा होईल. आपल्याला आहे त्यात भर घालायची आहे.

भर घालायची म्हटल्यावर यादीतलं Add हे नाव खुणावतं, आणि तिथेच घोटाळा होतो. Add सरळ बेरीज करतं. बोनच्या आकारमानाचा मूळ आकडा 1 असतो. श्वासाच्या ॲक्शनमध्ये आकारमानाची कीही चुकून बसली असेल तर खालचा 1 आणि वरचा 1 मिळून 2 होतात आणि वासुदेवाची छाती एकदम दुप्पट फुगते. हे निदान तरी लगेच कळतं. क्वाटर्नियनने फिरणाऱ्या बोनाची गोष्ट जास्त फसवी आहे. न फिरलेल्या बोनाचे चार आकडे 1, 0, 0, 0 असतात. दोन थरांच्या बेरजेत पहिला आकडा दोनच्या आसपास जातो, बाकीचे तेवढे वाढत नाहीत, आणि परिणामी चालीतला पीळ जवळपास अर्ध्यावर येतो. काही तुटलेलं दिसत नाही, चाल नुसती मवाळ होते. म्हणून अशा थराला Combine लावायचं. ते प्रत्येक चॅनेलची जात पाहून वागतं: स्थानाची बेरीज करतं, आकारमानाचा गुणाकार करतं, आणि क्वाटर्नियन एकापुढे एक फिरवतं. Add कुठे वापरायचं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर असतं, शरीराच्या बोनांवर शक्यतो कुठेच नाही.

Combineच्या थरात मोजमाप रेस्ट पोझपासून होतं हेही इथेच सांगतो. श्वासाची ॲक्शन पुढे वाकलेल्या पोझमध्ये केली तर ते वाकणंही तिच्या आकड्यांत जातं, आणि थर चढला की पात्र दुप्पट वाकतं. पहिली की रेस्ट पोझवर, म्हणजे Alt+R आणि Alt+G केलेल्या बोनावर, द्यायची आणि तिथून पुढे जायचं.

आता थांबणं. खरं कौशल्य इथे लागतं, आणि एनएलएची मर्यादाही इथेच उघडी पडते. सरळ सुचणारा मार्ग असा: उभं राहण्याची ॲक्शन वरच्या ट्रॅकवर 181व्या फ्रेमपासून ठेवावी, बारा फ्रेमची Blend In द्यावी, चाल उभं राहण्यात विरघळेल. करून पाहिलं तर पाय घसरतो, दर वेळी. कारण असं की 181 ते 193 या फ्रेमांत टेकलेलं पाऊल मागे सरकत असतं आणि उभ्या पोझमधलं पाऊल स्थिर असतं. दोन्हींची सरासरी काढली की पाऊल फ्रेमला पाचपेक्षा कमी सेंटिमीटर मागे जातं, आणि `root`शी मांडलेला हिशेब मोडतो. मिसळणीला जमीन माहीत नसते, ती फक्त आकडे मिसळते.

त्यासाठी वासुदेवाला मी थांबण्याची स्वतंत्र ॲक्शन दिली आहे. 1 ते 21. पहिली की म्हणजे चालीच्या पहिल्या फ्रेमची तंतोतंत नक्कल, मग डावा पाय पुढे येऊन उजव्याशेजारी टेकतो, तेराव्या फ्रेमपर्यंत दोन्ही पाय स्थिर होतात, आणि उरलेल्या आठ फ्रेमांत धड फक्त सावरतं. चालीच्याच ट्रॅकवर ती 193 ते 213 अशी खेटून बसते. सांधा जुळतो, कारण 193ला चालही त्याच पोझवर असते. मिसळण शून्य. `root`चा वेगही 193 ते 205 दरम्यान ओसरवायचा. थांबण्याच्या स्ट्रिपवर Tab दाबलं की बाकीचे थर चालू ठेवूनच दुरुस्ती करता येते, त्यामुळे `root` सरकत असतानाच पाऊल डोळ्यांनी पाहून जागेवर बसवायचं. पायांसाठी हाताने केलेला पूल आणि धडासाठी मिसळण, ही वाटणी मी बहुतेक सगळ्या कामांत पाळतो. दोन स्ट्रिपमध्ये Shift+T दाबून मिळणारी Transition पट्टीही याच कारणासाठी मी चालत्या पायांवर वापरत नाही. ती एका पोझवरून दुसरीवर सरळ नेते, तेवढंच.

यानंतर उभं राहण्याची, म्हणजे `root` न धरता पाचवी, ॲक्शन वरच्या ट्रॅकवर, पण श्वासाच्या आणि चिपळ्यांच्या खाली, 205पासून ठेवायची. पाय दोन्हींत एकाच जागी आहेत, म्हणून आठ फ्रेमची Blend In आता निर्धोक आहे. इथे एक सवय मोडावी लागते. ध्वनी किंवा व्हिडिओ जोडलेल्या माणसाला वाटतं, वरचं हळूहळू येतं तर खालचं हळूहळू जायला हवं, आणि तो थांबण्याच्या स्ट्रिपला आठ फ्रेमची Blend Out देतो. वासुदेवाचे दोन्ही हात अर्धा श्वासभर बाजूला उचलले जातात आणि पुन्हा खाली येतात. का, ते मधल्या 209व्या फ्रेमवर पाहू. खालची स्ट्रिप तिथे निम्म्या जोरावर आहे, आणि तिच्याखाली हातांबद्दल बोलणारा दुसरा थर नाही, म्हणून उरलेलं निम्मं रेस्ट पोझमधून भरलं जातं. त्यावर वरची स्ट्रिप निम्म्या जोराने बसते. हिशेब असा पडतो:

```
0.5 × (0.5 × थांबणं + 0.5 × रेस्ट) + 0.5 × उभं
= 0.25 × थांबणं + 0.25 × रेस्ट + 0.5 × उभं
```

पाव भाग रेस्ट पोझ, आणि तिच्यात हात अंगापासून दूर पसरलेले. Replaceने एकातून दुसऱ्यात जाताना फक्त वरच्या स्ट्रिपने आत यायचं, खालचीने पूर्ण जोरावर राहायचं. मिसळणीच्या मधोमध पात्र क्षणभर बाहुलीसारखं हात पसरत असेल तर सर्वांत आधी खालच्या स्ट्रिपचं Blend Out तपासा, आणि तिथे Auto Blend In/Out वर खूण आहे का तेही.

याच्याशी मिळतीजुळती दुसरी लक्षणं असली तर कारण वेगळं असतं. दोन्ही स्ट्रिप एकेकट्या नीट दिसतात, मिसळताना मात्र दंड गरकन फिरतो किंवा छातीतून आरपार जातो. क्वाटर्नियनचे चारही आकडे उलट चिन्हाचे केले तरी बोनाची पोझ तीच राहते. एका ॲक्शनमध्ये ते एका चिन्हाने आणि दुसरीत दुसऱ्या चिन्हाने साठवले गेले असतील तर मधली सरासरी शून्याजवळून जाते आणि बोन भरकटतो. एका ॲक्शनमध्ये त्या बोनाचे चारही वक्र निवडून ग्राफ एडिटरमध्ये Ctrl+M मधलं By Values Over Zero Value लावलं की चिन्हं जुळतात. पोझ बदलत नाही, मिसळण सुधारते.

दारापाशी उभा राहिल्यावर वासुदेव पुन्हा वाजवतो. नवीन काही करायचं नाही. पहिल्या चिपळ्यांच्या स्ट्रिपवर Alt+D, नवी प्रत 221वर, Repeat 6, म्हणजे ती 293ला संपते. दोन्ही स्ट्रिपमागे ॲक्शन एकच आहे, म्हणून मनगटाचा झटका एका ठिकाणी सुधारला की दुसरीकडेही सुधारतो. उभ्या उभ्या वाजवणं वेगळं दिसायला हवं असेल तर Shift+D घ्यायचं, तिथे ॲक्शनची स्वतंत्र प्रत होते. कोणती कळ दाबली ते लक्षात राहिलं नाही तर पट्टीतलं ॲक्शनचं नाव पाहावं. .001 शेपटी दिसली तर ती प्रत.

एक दोष असा आहे की तो एनएलएच्या खिडकीत शोधून चटकन सापडत नाही. Push Down झाल्यावर पात्राकडे चालू ॲक्शन नसते. Auto Keying चालू राहिलं असेल आणि सहज म्हणून हात जरा हलवला, तर ब्लेंडर गुपचूप एक नवी ॲक्शन तयार करतं. ती सगळ्या ट्रॅकांच्या वर बसते आणि त्या एका बोनाला जागेवर खिळवते. मग स्ट्रिप कितीही सरकवा, तो हात हलत नाही. ‘बाकी सगळं चालतं, एकच बोन ऐकत नाही’ असं कुणी सांगितलं की मी आधी ट्रॅकांच्या वरची ओळ पाहायला सांगतो. तिथे ॲक्शनचं नाव दिसलं तर ती उपयोगी असल्यास Push Down करावी, नाहीतर काढून टाकावी. उलट, जी ॲक्शन कुठल्याच स्ट्रिपमध्ये नाही पण पुढे लागणार आहे, तिच्या नावाशेजारची ढाल दाबून ठेवावी. कुणाच्याच वापरात नसलेली ॲक्शन फाइल जतन करून पुन्हा उघडल्यावर सापडत नाही.

आवृत्तीबद्दल थोडं. 2025च्या मार्चमध्ये आलेल्या 4.4पासून ॲक्शनमध्ये स्लॉट आले. एका ॲक्शनमध्ये आता एकाहून अधिक वस्तूंचं ॲनिमेशन राहू शकतं, आणि प्रत्येक स्ट्रिपला तिच्या ॲक्शनमधला कुठला स्लॉट वाचायचा ते ठरवावं लागतं. जुन्या फाइली उघडताना हे बहुधा आपोआप होतं. तरी एका पात्राची ॲक्शन दुसऱ्यावर लावली, बोनांची नावं तीच आहेत, आणि काहीच हलत नाही असं झालं, तर स्लॉटचा रकाना रिकामा आहे का ते पाहावं. थरांचं गणित मात्र बदललेलं नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर हेही सांगतो की प्रत्येक शॉट एनएलएत करू नये. पात्र एकदाच रडणार असेल, एकदाच कुणाला मिठी मारणार असेल, तर तो अभिनय एकाच ॲक्शनमध्ये सलग करणं चांगलं. तिथे पुन्हा वापरण्यासारखं काही नसतं आणि थर नुसते अडचणीचे होतात. आवर्तनं, गर्दीतली पात्रं, खेळांसाठीच्या हालचाली आणि आमच्या वासुदेवासारखी लयीत वावरणारी माणसं, हा एनएलएचा प्रांत.

खेळासाठी फाइल बाहेर पाठवणाऱ्यांनी शेवटच्या प्रकरणाआधी एवढं ध्यानात घ्यावं. ग्लटीएफ निर्यातीत Animation mode हे NLA Tracks वर ठेवलं तर प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र ॲनिमेशन म्हणून जातो, त्याला ट्रॅकचंच नाव मिळतं, आणि थरांची बेरीज सोबत जात नाही. चाल, चिपळ्या आणि श्वास खेळाचं इंजिनच मिसळणार असेल तर हे सोयीचं आहे, फक्त ट्रॅकना नीट नावं द्यावीत. सगळं मिसळून एकच हालचाल हवी असेल तर पोझ मोडमध्ये बोन निवडून Bake Action चालवावं, फ्रेम 1 ते 293, Visual Keying वर खूण. तयार झालेली ॲक्शन सगळ्या ट्रॅकांच्या वर बसते आणि खालचं झाकून टाकते. ते ट्रॅक पुसू नयेत, म्यूट करावेत. चालीतला गुडघा पुन्हा बदलायला सांगितलं जातंच.